घोष वर्णांचा कोंडमारा

ओठ मिटून ‘म्’ असा लांबलचक हुंकार चालू ठेवावा आणि तो चालू असतानाच नाकपुड्या चिमटीत घट्ट धराव्या. हुंकार तत्क्षणी थांबतो. छातीत हवा भरपूर आहे, बोलण्याची इच्छा आहे, गळ्याला काही इजा झालेली नाही, तरी नाद बंद पडतो. कितीही जोर केला तरी एखादा कण्हल्यासारखा आवाज निघून गालच तेवढे फुगतात. सभागृहात बसल्याबसल्या करण्यासारखा हा प्रयोग आहे आणि आजच्या विषयाचे सगळे बीज त्यात आहे. आपण बाराखडीत ज्यांना ग, ड, द, ब म्हणतो, ते घोष स्पर्शवर्ण म्हणजे असेच चिमटीत धरलेले हुंकार होत. फरक इतकाच की त्यांतली चिमटी क्षणभराने सुटते.

ह्या क्षणभराच्या हिशेबावर भाषांचे बरेच काही अवलंबून असते. एखाद्या भाषेत ‘ग’ हा वर्णच नसतो. दुसरीत शब्दातला ‘ग’ दुप्पट झाला की त्याचा ‘क’ होतो. तिसरीत तोच दुप्पट वर्ण घशाला एक विलक्षण हिसका देऊन बोलला जातो. असे काही कानावर पडले की आपण चटकन म्हणतो, ‘ह्या लोकांची जीभ जड’ किंवा ‘ह्यांना उच्चाराचे वळणच नाही’. मास्तर मुलांना ह्यावरून रागे भरतात आणि एका जमातीचे लोक दुसरीच्या बोलण्याची टिंगल करतात. आमचे म्हणणे असे की हा निकाल देण्यापूर्वी हवेचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा. पुष्कळदा दोष जिभेचा नसून तोंडाच्या पोकळीत मावणाऱ्या हवेच्या मापाचा असतो.

प्रथम नाद म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रातिशाख्यकारांनी वर्णांचे नाद आणि श्वास असे दोन वर्ग केले आणि कंठ आवळलेला असता नाद व उघडा असता श्वास होतो, असे सांगितले. आत डोकावण्याचे कोणतेही साधन नसलेल्या त्या काळात ही गोष्ट त्यांनी नेमकी हेरली, हे नवलच म्हटले पाहिजे. आज आपल्याला ठाऊक आहे की कंठमण्याच्या मागे स्नायूंच्या दोन लवचिक घड्या समोरासमोर असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. पण ‘तंतू’ ह्या शब्दाने उगीच घोटाळा होतो. सतारीची तार छेडावी तसे ह्यांना कोणी छेडीत नाही, आणि मेंदूकडून प्रत्येक कंपाला वेगळा हुकूमही सुटत नाही. मेंदू फक्त त्या दोन घड्या जवळ आणून ठेवतो. पुढचे काम वारा करतो. खालून फुप्फुसातली हवा दाबते, घड्या विलग होतात, थोडी हवा निसटते, आणि स्वतःच्या ताणाने व वाहत्या हवेच्या ओढीने त्या पुन्हा मिटतात. पुन्हा दाब साठतो, पुन्हा त्या उघडतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदाला सुमारे 120 वेळा घडते, स्त्रियांच्या बोलण्यात त्याहून पुष्कळ अधिक वेळा. जानविलेम व्हान डेन बेर्ख ह्या डच शास्त्रज्ञाने 1958 साली ही उपपत्ती नीट मांडली. त्यानंतर घड्यांच्या खालच्या आणि वरच्या कडा एकाच वेळी हालत नाहीत, लाटेसारख्या मागेपुढे हालतात, इत्यादी बारकावे पुष्कळ कळले. तथापि मूळ गोष्ट तीच राहिली. नादासाठी दोन अटी लागतात. घड्या जवळ असल्या पाहिजेत, आणि त्यांच्यामधून हवा वाहती असली पाहिजे.

पहिली अट आपल्या हातची आहे. दुसरी मात्र नाही. हवा वाहायची तर खालचा दाब वरच्या दाबापेक्षा जास्त हवा. पाणी उंचावरून सखल जागी जाते तसेच हे. दोन्ही हौद एका पातळीला आले की नळ उघडा असूनही धार थांबते.

आता ह्या दाबाचे माप किती ते पाहू. घरी सहज करता येईल असा एक उपाय आहे. उंच पेल्यात पाणी घ्यावे, त्यात एक नळी सात-आठ सेंटिमीटर खोल बुडवावी आणि तिच्या तोंडाशी बुडबुडे येतील इतकेच फुंकावे. एवढ्या फुंकरीला जो दाब लागतो, साधारण तोच दाब आपण साधे बोलताना स्वरतंतूंच्या खाली ठेवीत असतो. म्हणून ध्वनिशास्त्रज्ञ हा दाब ‘पाण्याचे इतके सेंटिमीटर’ असाच मोजतात. आपण तो आठ धरू. ‘आ’ म्हणताना तोंड उघडे असते, म्हणून स्वरतंतूंच्या वर बाहेरच्या हवेपेक्षा जादा दाब असा काही नसतो. खाली आठ, वर शून्य. उतार चांगला आहे आणि नाद खुशाल चालतो. पण हा उतार कमी कमी होत दोनच्या आसपास आला, की घड्यांना हलविण्याइतका जोर वाऱ्यात उरत नाही. आपल्या हिशेबात ह्याचा अर्थ असा: तोंडातला दाब शून्यावरून सहापर्यंत चढेतो नाद चालेल, त्यापुढे नाही.

‘ब’ म्हणताना ओठ मिटतात. नाकाचा मागचा दरवाजाही मृदू टाळूने बंद केलेला असतो; तो उघडा राहिला तर ‘ब’ न होता ‘म’ होईल. म्हणजे स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत एक बंद खोली तयार झाली आणि तिला खालून भोक आहे. प्रत्येक कंपाबरोबर त्या भोकातून थोडी हवा आत येते. किती? बोलताना सेकंदाला साधारण 120 घनसेंटिमीटर हवा वाहते आणि कंपही सेकंदाला 120, म्हणजे दर कंपाला एक घनसेंटिमीटर. ओठांच्या मागच्या पोकळीचे माप ढोबळमानाने 100 घनसेंटिमीटर धरू; चहाच्या लहान कपाएवढे.

आता समजा, ही खोली दगडी भिंतींची आहे. बंद जागेत जादा हवा कोंबली की दाब किती वाढेल ते बॉइलच्या नियमाने निघते. बाहेरच्या हवेचा दाब पाण्याच्या मापाने सुमारे 1033 सेंटिमीटर असतो. तोंडातला दाब सहाने चढविण्यासाठी 100 घनसेंटिमीटरांच्या खोलीत जादा हवा किती लागेल? 100 गुणिले 6, भागिले 1033. उत्तर सुमारे 0.6 घनसेंटिमीटर. पण एका कंपालाच एक घनसेंटिमीटर हवा आत येते! तेव्हा दगडी भिंतींच्या तोंडात पहिला कंप पुरा होण्याच्या आधीच दाब सहावर जाऊन नाद संपेल. एका कंपाला सेकंदाचा सव्वाशेवा भाग लागतो, त्याच्याही आत. आणि साध्या बोलण्यातला ‘ब’ ओठ मिटून राहतो तो 70 ते 80 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या-चौदाव्या भागाइतका. ह्या हिशेबाने घोष स्पर्श ही चीज जगात असताच कामा नये.

ती आहे, कारण आपले तोंड दगडी नाही. गाल मऊ आहेत, घशाच्या भिंती मऊ आहेत, टाळूचा मागचा भाग आणि जिभेचा पृष्ठभाग हेही दाबाखाली थोडे मागे सरतात. आत येणाऱ्या हवेला ही मंडळी आपोआप जागा करून देतात, गच्च भरलेल्या आगगाडीच्या डब्यात उतारू थोडे थोडे सरकून आणखी एकाला उभे राहू देतात तशी. शिवाय दाब चढू लागला की हवेचा ओघही मंदावतो, तेव्हा नंतरचे कंप पहिल्याइतकी हवा आणीत नाहीत. ह्या दोन्ही सवलती धरून नाद किती टिकतो, हे अमेरिकेत बर्कली येथे जॉन ओहाला आणि त्यांच्या सहकारी कॅरल रिऑर्डन ह्यांनी मोजून 1979 साली प्रसिद्ध केले. बोलणाऱ्याने मुद्दाम काही न करता केवळ भिंतींच्या मऊपणावर नाद सरासरीने साठाहून थोडे अधिक मिलिसेकंद टिकला. म्हणजे सात-आठ कंप. साधा ‘ब’ उरकायला एवढे जेमतेम पुरते.

त्यांच्या मोजणीतली खरी मौज पुढेच आहे. ‘ब’मध्ये नाद सर्वांत जास्त वेळ टिकला, ऐंशीच्या आसपास, ‘द’च्या जातीच्या वर्णात त्याहून कमी, आणि ‘ग’मध्ये सर्वांत कमी, पन्नासच्या आसपास. कारण उघड आहे. ‘ब’ म्हणताना पडदा ओठांशी पडतो, तेव्हा अख्खे तोंड आणि दोन्ही गाल हवेच्या दिमतीला असतात. ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. पडदा मागेच पडला. खोली लहान झाली आणि गाल तर सगळेच पडद्याच्या बाहेर राहिले. हवेला फुगायला जागा उरली ती घशाची तेवढी. श्रोत्यांनी ओठ न उघडता ‘ब्‌ब्‌ब्’ असा नाद शक्य तेवढा लांबवून पाहावा, मग तळहातांनी दोन्ही गाल आत घट्ट दाबून पुन्हा पाहावे, आणि शेवटी ‘ग्‌ग्‌ग्’ लांबवून पाहावे. दुसऱ्या वेळी नाद आधी गुदमरतो आणि तिसऱ्या वेळी तर सुरू होतो न होतो तोच थांबतो.

येथवर एकेरी वर्णांची गोष्ट झाली. जोडाक्षर आले की प्रकरण अवघड होते. ‘पत्ता’ आणि ‘पता’ ह्यांत फरक काय? ‘त’ दोनदा उच्चारला जातो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः जीभ दोनदा टेकत नाही; एकदाच टेकते आणि जास्त वेळ, सुमारे दुप्पट वेळ, टेकून राहते. ‘पत्ता’, ‘पक्का’, ‘टप्पा’ ह्यांत त्याने काही बिघडत नाही, कारण अघोष वर्णात त्या वेळी नुसती शांतता असते आणि शांतता हवी तेवढी लांबवता येते. पण ‘मुद्दा’, ‘खड्डा’, ‘तब्बल’, ‘बग्गी’ ह्यांत जीभ किंवा ओठ दीडशे मिलिसेकंदांच्या घरात बंद राहणार आणि त्यात नादही चालू ठेवायचा! भिंतींची सवलत तर साठ-सत्तरलाच संपते. उरलेल्या वेळेची हवा ठेवायची कुठे?

ह्या प्रश्नाला वेगवेगळ्या भाषांनी जी उत्तरे दिली आहेत, त्यांतले एक नाईलच्या काठचे आहे. इजिप्तच्या दक्षिणेस आणि सुदानच्या उत्तरेस न्युबियन भाषा बोलतात. त्या भाषेत नामाला ‘आणि’ ह्या अर्थाचा एक प्रत्यय लागतो आणि तो लागताना नामाचे शेवटचे व्यंजन दुप्पट होते. ‘फब’ म्हणजे बाप. त्याला प्रत्यय लागून ‘फब्बॉन’ होते. ठीक. ‘मुग’ म्हणजे कुत्रा. मग ‘मुग्गॉन’ व्हायला हवे. पण होते ‘मुक्कॉन’. ‘सेगेद’ म्हणजे विंचू; त्याचे ‘सेगेत्तॉन’ होते. ‘कज’ म्हणजे गाढव, त्याचे ‘कच्चॉन’. चारांपैकी तिघांनी दुप्पट होताच नाद टाकला आणि ते अघोष झाले. एकट्या ‘ब’ने तो राखला. व्याकरणकार एवढी नोंद करून ‘ब’ला अपवाद म्हणून सोडून देईल. ओहालांनी 1983 साली हेच उदाहरण पुढे ठेवून विचारले की अपवाद ‘ब’च का असावा, ‘ग’ का नसावा? आपण वर मांडलेला जमाखर्च पाहिला की उत्तर शोधावे लागत नाही. गालांची मदत ज्याला मिळते तोच तेवढा तगला. न्युबियन मुलांना हे कोणी शिकविलेले नाही. कित्येक पिढ्या बोलणाऱ्यांचा दुहेरी ‘ग’ मधेच नि:शब्द होत गेला, ऐकणाऱ्या मुलांनी तो ‘क्क’ म्हणून ऐकला आणि पुढे तसाच बोलला. जिभेच्या आळसाचा येथे संबंध नाही. आळस असता तर दुहेरी वर्णाचा एकेरी झाला असता. येथे त्याची लांबी त्यांनी निष्ठेने सांभाळली आणि म्हणूनच नाद गमावला.

जपानी भाषेचाही अनुभव ह्याच जातीचा आहे. तिच्या जुन्या देशी शब्दांत दुहेरी अघोष वर्ण भरपूर आहेत, दुहेरी घोष वर्ण मात्र सहसा नाहीत. इंग्रजीतून ‘बेड’ आणि ‘बॅग’ आले तेव्हा जपान्यांनी त्यांना आपल्या पद्धतीने ‘बेद्दो’ आणि ‘बग्गु’ केले. पण कित्येकांच्या तोंडी त्यांचे ‘बेत्तो’ आणि ‘बक्कु’ होते. जपानी इंग्रजीची आपण थट्टा करतो ती पुष्कळदा अशाच शब्दांवरून. ह्यात त्या भाषेचे स्वतःचे आणखीही काही नियम गुंतलेले आहेत, एका शब्दात दोन घोष वर्ण तिला फारसे मानवत नाहीत, त्यामुळे सगळे श्रेय हवेला देता येणार नाही. तरी घोष ठेवून बोलणाऱ्यांचा उच्चार यंत्रावर पाहिला तर जीभ सुटण्याच्या बऱ्याच आधी नाद विझलेला दिसतो.

आता आपल्या शेजारच्याच एका भाषेकडे येऊ. संस्कृतातल्या ‘अद्य’चे प्राकृतात ‘अज्ज’ झाले. ह्या दुहेरी ‘ज्ज’चे पुढे काय करायचे हा प्रश्न प्राकृताच्या सर्व मुलींपुढे होता. पंजाबीने ‘अज्ज’ जसे होते तसे ठेवले. मराठीने दुहेरी वर्ण एकेरी केला आणि गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला; म्हणून आपण ‘आज’ म्हणतो. ‘दुद्ध’चे दूध, ‘मुग्ग’चे मूग आणि ‘लड्डु’चे लाडू असेच झाले. मराठीने हे हवेच्या अडचणीमुळे केले असे मात्र कोणी समजू नये, कारण ‘सत्त’चे सात आणि ‘हत्थ’चा हात करताना तिने अघोषांनाही तोच न्याय लावला. सिंधीने मात्र वेगळीच वाट धरली. तिच्यातही आजला ‘अॼु’ म्हणतात, पण त्यातला ‘ॼ’ आपला ‘ज’ नव्हे. देवनागरीत सिंधी लिहिताना चार अक्षरांखाली आडवी रेघ देतात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. ही अक्षरे ज्या ध्वनींची आहेत ते उच्चारताना, जीभ किंवा ओठ बंद असतानाच, अख्खे स्वरयंत्र घशात झटक्याने खाली ओढले जाते.

ह्याने काय साधते ते आपल्या हिशेबात बसवून पाहू. स्वरयंत्र हा आपल्या बंद खोलीचा तळ आहे. घशाच्या पोकळीचा छेद सुमारे चार चौरस सेंटिमीटर धरला आणि तळ एक सेंटिमीटर खाली गेला, तर खोलीत चार घनसेंटिमीटर नवी जागा निर्माण झाली. दगडी खोलीत नाद संपवायला अर्धा-पाऊण घनसेंटिमीटर पुरत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे चार ही केवढी मोठी रक्कम आहे ते कळेल. तळ पुरेशा वेगाने खाली गेला तर दाब चढायचा सोडून उतरतोसुद्धा, आणि ओठ उघडताच बाहेरची हवा किंचित आत ओढली जाते. म्हणून ह्या वर्णांचा एक पोकळ, घुमणारा आवाज येतो. नाद त्यांत शेवटपर्यंत विझत नाही, उलट वाढत गेलेला दिसतो. बोलणारा श्वास आत घेऊन ते म्हणतो ही समजूत मात्र चुकीची आहे. फुप्फुसातली हवा वरच येत असते. तळच खाली जात असतो.

हे वर्ण सिंधीत आले कोठून, ह्याचा शोध राल्फ टर्नर ह्या इंग्रज पंडिताने 1924 साली एका निबंधात घेतला. प्राकृतातले दुहेरी घोष वर्ण आणि शब्दारंभीचे घोष वर्ण हे त्यांचे मूळ, असे त्याने दाखविले. दुहेरीच का, हे आता सांगायला नको. शब्दारंभी का, ह्याचीही संगती लागते. विसाव्यानंतर, तोंड बंद असतानाच थांबलेला नाद नव्याने सुरू करायचा तर चालू नाद टिकविण्यापेक्षा अधिक उतार लागतो. विहिरीचा रहाट फिरता ठेवण्यापेक्षा तो सुरू करणे जड जाते तसे. पूर्वी जी केवळ अडचणीतली सोय होती, ती पुढे स्वतंत्र वर्ण होऊन बसली. आपण ज्याला ‘बाळ’ म्हणतो त्याला सिंधीत ‘ॿारु’ म्हणतात आणि ‘बारु’ म्हणजे ओझे. रेघ विसरली तर मुलाचे ओझे व्हायचे! 1853 साली सिंधीसाठी अरबी वळणाची 52 अक्षरांची लिपी ठरविण्यात आली, तेव्हा ह्या चौघांना स्वतंत्र अक्षरे द्यावी लागली ती ह्यामुळेच. 1947 नंतर उल्हासनगरात आणि पिंपरीत सिंधी कुटुंबे आपल्या शेजारी येऊन राहिली. त्यांच्या बोलण्यातला तो घशातला हिसका आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. तो हेल नव्हे किंवा लकबही नव्हे. प्राकृतातला जो जुना दुहेरी वर्ण आपण सोडून दिला, त्याचा नाद त्यांनी स्वरयंत्र खाली ओढून जिवंत ठेवला आहे.

स्वरयंत्र खाली नेण्याची ही युक्ती सिंध्यांचीच मिरास आहे असे नाही. तिची सौम्य आवृत्ती आपणही वापरतो. ‘बग्गी’ किंवा ‘मुद्दा’ हा शब्द अगदी सावकाश, जोडाक्षरावर रेंगाळत म्हणावा आणि बोट कंठमण्यावर ठेवावे. तो किंचित खाली सरकल्यासारखा वाटेल. त्याच वेळी जिभेचे मूळ पुढे सरून घसा रुंद होतो, पण ते बोटाला कळत नाही. म्हणजे आपल्या तोंडी ‘मुद्दा’चा ‘मुत्ता’ होत नाही तो आपली जीभ अधिक संस्कारी म्हणून नव्हे. न कळत आपण खोली वाढवीत असतो म्हणून. ही खटपट करायची की नाद सोडून द्यायचा हे हवा ठरवीत नाही, ते त्या त्या भाषेचे वळण ठरवते. काही भाषा तिसराच मार्ग पत्करतात आणि नाकाचा मागचा दरवाजा थोडा उशिरा बंद करतात. हवेला वाट मिळते, नाद टिकतो, पण ‘ब’च्या आधी बारीकसा ‘म्’ ऐकू येऊ लागतो.

म्हणून ह्या सगळ्याला नियम म्हणण्यापेक्षा उतार म्हणावे हे बरे. उतारावर पाणी वाहण्याचा संभव असतो. बांध घातला तर ते थांबतेही. डच भाषेच्या स्वतःच्या शब्दांत ‘ब’ आणि ‘द’ आहेत, आपल्यासारखा ‘ग’ नाही. थाई भाषेत ‘ब’ आणि ‘द’च्या जातीचे वर्ण आहेत, ‘ग’ नाही. घोष स्पर्शांच्या रांगेत एखादी जागा रिकामी असली तर ती ‘ग’ची असण्याचा संभव सर्वांत जास्त, एवढे ह्या उतारामुळे म्हणता येते. पण मराठी, हिंदी, बंगाली ह्यांत ‘ग’ सुखाने नांदतो आहे, आणि वर ‘घ’ही. एखाद्या भाषेतून ‘ग’ नाहीसा झाला तर तो प्रत्येक वेळी गुदमरूनच गेला असेल असेही नाही. लिखित अरबीत ‘ग’ नाही. तेथे तो जिभेच्या पुढच्या भागाकडे सरकत ‘ज’ झाला, आणि कैरोत तर त्याच अक्षराचा उच्चार आजही ‘ग’ करतात. भाषेचा इतिहास तपासल्यावाचून हवेवर आरोप ठेवणे योग्य नव्हे.

खरोखर नाद गुदमरला की नाही, हे कानाने मात्र ठरवू नये. कान फार भोळा साक्षीदार आहे. आधीचा स्वर किती लांब आहे, वर्ण सुटताना स्फोट किती जोराचा आहे, ह्यांवरून तो ‘द्द’ ऐकल्याची ग्वाही देतो, जरी मधला निम्मा वेळ नाद नसला तरी. ध्वनिमुद्रण करून हवेच्या कंपांची रेघ पडद्यावर काढली की खरे ते दिसते. स्वराच्या उंच उंच लाटा संपतात आणि ओठ मिटल्यावर बारीक, गोलसर लाटांची एक रांग सुरू होते. बंद तोंडाच्या भिंतींतून झिरपून बाहेर आलेला नाद तो हाच. ‘तब्बल’मध्ये ही रांग लांबवर जाते. ‘बग्गी’मध्ये तिच्या लाटा लवकर बुटक्या होऊ लागतात, आणि बोलणाऱ्याने खोली वाढविली नसेल तर ‘ग्ग’ सुटण्यापूर्वीच रेघ सपाट होते. सिंधी ‘ॿ’ची रांग ह्याच्या उलट, प्रारंभी बुटकी आणि ओठ उघडण्याच्या क्षणापर्यंत उंच होत जाणारी अशी दिसते. जगात अशा खाली ओढलेल्या वर्णांत ओठांचा ‘ॿ’ सर्वांत अधिक भाषांत सापडतो आणि घशाजवळचा ‘ॻ’ सर्वांत कमी भाषांत. सिंधीने चारही ठेवले आहेत.